घंटेच्या मावशी, थँक्यू

मावशी, उद्याच्या निरोप समारंभात हेड गर्ल म्हणून मला दोनच मिनिटं बोलायचंय आणि तुमचं नाव काढलं की मला रडू येणार, म्हणून इथंच लिहितेय. नववीच्या पोरींनो तुम्ही पण वाचा, आता लाइन तुमच्याकडे आहे.

ऑक्टोबरमधला तो शनिवार, सकाळची शाळा. प्रतिज्ञा झाली, संविधानाची प्रास्ताविका चालू होती आणि सातवीची एक पोरगी धाडकन पडली. आम्ही दहाजणी तिच्याभोवती गोळा, मी तिला धरून बसवलं आणि तोंडाला बाटली लावणार तेवढ्यात तुम्ही घंटा सोडून धावत आल्या, "तिले बठाडू नको वं, आडी कर!" तिला सपाट झोपवलं, पाय दप्तरावर ठेवले, सगळ्यांना मागं सारलं, मिनिटभरात तिनं डोळे उघडले. मग विचारलं, पोटमा काही शे का? काहीच नव्हतं, सहाची एसटी पकडायला उपाशीच निघालेली.

नंतर तुम्ही समजावलं ते मी कधीच विसरणार नाही. खूप वेळ न हलता उभं राहिलं की रक्त पायातच साचतं, डोक्याकडं कमी पडतं, म्हणून चक्कर येते, आडवं केलं की ते परत वर येतं, आणि बसवलं तर पुन्हा पडते. पाणी पूर्ण शुद्धीवर आल्यावरच द्यायचं, नाहीतर ठसका लागून श्वासात जातं.

तेव्हापासून मी परिपाठात पुढं नाही, लाइनीच्या बाजूनं फिरत राहिले. पडायच्या आधी कळतं गं, ओठ पांढरे पडतात, कपाळावर घाम येतो, जांभया येतात, पोरगी हळूहळू डुलायला लागते. तेव्हाच हात धरून व्हरांड्यात नेऊन झोपवायचं, राष्ट्रगीत संपायची वाट बघायची नाही, कोणी रागावलं तर माझं नाव सांगा. आणि ताठ उभ्या पोरींना गुडघे थोडे सैल सोडायला, पायाची बोटं हलवायला सांगा.

पण मिनिट-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, डोकं आपटलं, अंगाला झटके आले किंवा अंग चटका बसेल इतकं तापलं असेल तर आपण काही करत बसायचं नाही, लगेच सरांना सांगून १०८ ला फोन करायचा.

वहीत शेवटच्या पानावर गावाकडून एसटीनं येणाऱ्या पोरींची नावं लिहिलीत, शनिवारी आधी त्यांना विचारा काय खाऊन आलात. वही नववी ब च्या मॉनिटरकडे दिलीय.

मावशी, वर्षभर तुमच्या पिशवीतली केळी तुम्ही स्वतःच्या पैशानं आणत होत्या हे मला दिवाळीनंतर कळलं. आता रावेरकडच्या दोघी पोरी शनिवारी घरच्या बागेतली फणी आणणार आहेत, तुम्ही फक्त पिशवी द्या.