घाटावरची नऊ वर्षे

फोंडा, 12 जानेवारी 2026

प्रिय दत्ता,

तुझं पत्र चवथीच्या आधी आलं होतं, उत्तर द्यायला संक्रांत उजाडली. रागावू नकोस. पेन्शन अजून सुरू झालेली नाही, आणि त्यात मला तुझी मदत हवी आहे.

30 जूनला मला अठ्ठावन्न पूर्ण झाली. 8 जुलैला मी पीएफसाठी फॉर्म 19 आणि पेन्शनसाठी फॉर्म 10-डी भरला. सोबत आम्हां दोघांचा जोडफोटो, रद्द केलेला चेक, आधार, सगळं जोडलं. फॉर्म 19 चे पैसे 24 जुलैला खात्यात आले. मला वाटलं, पेन्शनही अशीच येईल. 19 ऑगस्टला 10-डी परत आला. शेरा एकच: आधीच्या नोकरीचा तपशील मिळालेला नाही.

आधीची नोकरी म्हणजे आपली घाटावरची, 1998 ते 2007. इकडे वेर्ण्याला लागल्यावर 2008 मध्ये मी फॉर्म 13 भरून जुनं खातं इथे आणलं होतं. पासबुकात ती रक्कम दिसते, म्हणून सतरा वर्षं मी निर्धास्त होतो. पण दत्ता, त्यात आला तो फक्त पीएफचा पैसा. पेन्शनच्या रकान्यात पैसे सरकतच नाहीत, तिथे मोजतात ती नोकरीची वर्षं. ती वर्षं अ‍ॅनेक्श्चर के नावाच्या कागदावर येतात. कधी लागलो, कधी सोडलं, बिनपगारी दिवस किती, हे सगळं त्यावर असतं. जुन्या पीएफ कार्यालयाने तो कागद इकडे पाठवला असं कुठेच दिसत नाही. इथला क्लार्क सभ्य माणूस आहे. त्याने फाईल काढून दाखवली, पण कागद नाही तिथे तोही काय करणार?

वेर्ण्याच्या सतरा वर्षांवर पेन्शन मिळतेच, कारण दहा वर्षं पुरतात. पण घाटावरची नऊ धरून माझी सव्वीस आहेत. 2014 च्या सप्टेंबरपूर्वीच्या नोकरीला पगार जास्तीत जास्त 6500 धरतात. त्याला नऊने गुणून सत्तरने भागलं की महिन्याला सुमारे 835 रुपये होतात. शिवाय वीस वर्षं पुरी झाली की दोन वर्षं जादा धरतात, तीही सतरावर अडलं तर जातील. मंगलच्या शुगरच्या गोळ्या दर महिन्याला आणाव्या लागतात. आठशे पस्तीस रुपये जन्मभरासाठी सोडायला माझा जीव होत नाही.

1 सप्टेंबरला मी घाटावरच्या पीएफ कार्यालयाला पत्र लिहून अ‍ॅनेक्श्चर के मागितलं आणि 2008 च्या फॉर्म 13 ची पोच जोडली. उत्तर नाही. 6 ऑक्टोबरला पोर्टलवर तक्रार टाकली. 24 ला ती 'संबंधित कार्यालयाकडे पाठवली' असं लिहून बंद झाली. कागद न येता तक्रार बंद होते, याचं मला फार वाईट वाटलं. दर महिन्याच्या 27 तारखेला पीएफवाल्यांची 'निधी आपके निकट' म्हणून बैठक भरते. ऑक्टोबरच्या बैठकीला मी कदंबाच्या बसने गेलो आणि लेखी अर्ज दिला. 18 नोव्हेंबरला स्पीड पोस्टाने पहिलं स्मरणपत्र पाठवलं. तेव्हा कुठे घाटावरून तोंडी उत्तर आलं की त्या काळची नोंद सापडत नाही, कंपनीचे 3-ए आणा. दावा पूर्ण असेल तर वीस दिवसांत निकाली काढावा असा नियम आहे, पण एक कागद कमी असेपर्यंत ते वीस दिवस सुरूच होत नाहीत. म्हणून मला आधी तो कागद हवा आहे.

आता तुझं काम. तू टाइम ऑफिसात होतास. फॉर्म 3-ए, म्हणजे दर वर्षी माणसागणिक भरायचे ते लांब कागद, त्यांत महिनावार पगार आणि पीएफ-पेन्शनची कपात लिहिलेली असे. कारखाना बंद झाला तरी हिशेबाच्या पेट्या मालकाच्या पुतण्याकडे गेल्या, असं तूच म्हणाला होतास. माझे 1998 पासूनचे जेवढे सापडतील तेवढे बघ. एकही सापडला नाही तर तुझ्या स्वतःच्या 3-ए ची झेरॉक्स दे. त्यावर कंपनीचा कोड नंबर असेल. माझ्या 2008 च्या पोचेवरचा नंबर पाण्याने पुसला आहे. शेवटचे दोन आकडे 3 की 8, हेच कळत नाही. नोंद चुकीच्या नंबराखाली शोधली गेली असेल अशी मला दाट शंका आहे.

दुसरं स्मरणपत्र लिहून ठेवलं आहे. त्यात वरच्या सगळ्या तारखा आणि पोचक्रमांक आहेत. फक्त कोड नंबरची जागा कोरी आहे. तुझा कागद आला की त्याच दिवशी टाकतो. पेन्शन मंजूर झाली की 1 जुलैपासूनची थकबाकी मिळते, तेव्हा पैसे बुडणार नाहीत. पण सहा महिने घर फॉर्म 19 च्या पैशांवर चाललं आहे, आणि ते पैसे आम्ही घराच्या छपरासाठी ठेवले होते.

तुझी अठ्ठावन्न मार्चात ना? आजच पोर्टलवर 'सर्व्हिस हिस्ट्री' उघड आणि घाटावरची नोकरी तारखांसकट दिसते का बघ. पासबुकातली रक्कम बघून समाधान मानू नकोस, मी तेच केलं होतं.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सदा