जर्मनच्या बॅचचा हिशेब

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आठ जणांचे चौदा हजारांप्रमाणे एक लाख बारा हजार होतात, मग तुझ्या हातात एवढेच कसे? घाईत नीट सांगता आलं नाही. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला तोंडी हिशेब पटतही नाही, म्हणून लिहूनच पाठवतेय.

ए१ ही पहिली पातळी मी ९० तासांत शिकवते. शनिवार-रविवार तीन-तीन तास, म्हणजे १५ आठवडे. मध्ये गणपती आले की चार महिने धरायचे. खोलीचं भाडं तासाला ३०० रुपये, त्याचे २७ हजार. झेरॉक्स, जाहिरात असे पाच हजार. उरले ८० हजार, म्हणजे महिन्याला वीस. आठाऐवजी पाचच जण आले तर महिन्याला दहासुद्धा उरत नाहीत, कारण खोलीचं भाडं तेवढंच राहतं. म्हणून सहा नावं पक्की झाल्याशिवाय मी बॅच सुरू करत नाही.

आई, तू म्हणालीस की एकदम फी मागणं बरं दिसत नाही, महिन्याच्या महिन्याला घे. माझे विद्यार्थी नोकरदार आहेत गं. कुणाचं महिनाअखेरीला रिलीज, कुणाची बदललेली शिफ्ट. आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात कर्म विभक्ती येते. तोवर ‘देअर टिश’ म्हणून पाठ केलेलं टेबल ‘मी टेबल विकत घेतो’ म्हणताना ‘डेन टिश’ होतं. ते नेमकं पुल्लिंगीच बदलतं, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी तसंच राहतं. ज्यांनी शब्द लिंगासकट पाठ केलेले नसतात ते इथे अडकतात. एक शनिवार चुकवतात, मग दुसरा, आणि मग यायलाच लाजतात. महिन्याची फी असती तर तिथेच थांबली असती. त्यामुळे अर्धी फी आधी आणि अर्धी चौथ्या आठवड्याच्या आत. दुसऱ्या तासापर्यंत नको वाटलं तर पैसे परत, नंतर नाही. विभक्तीच्या त्या आठवड्यांत तास चुकलेल्यांना मात्र मी बुधवारी रात्री अर्धा तास ऑनलाइन घेते, फुकट. एक माणूस टिकवणं नवा शोधण्यापेक्षा स्वस्त पडतं.

खरी मेख पुढे आहे. ए१ झालेल्या आठांतले चार-पाचच ए२ ला येतात. बाकीच्यांचं काम झालेलं असतं किंवा हौस फिटलेली असते. चौघांवर बॅच चालत नाही. म्हणून हिंजवडीवाल्यांसाठी सकाळी सात ते साडेआठची ऑनलाइन बॅच काढली आहे, सोम-बुध-शुक्र. तिथे भाडं नाही, म्हणून फी अकरा हजार. पण आठवड्याला साडेचारच तास होतात, ९० तासांना वीस आठवडे लागतात. त्यामुळे ती शनिवारच्या बॅचच्या पाच आठवडे आधी सुरू केली. दोन्ही दिवाळीच्या सुमारास एकदम संपतील आणि दोन्हीकडचे उरलेले मिळून ए२ ची एक बॅच भरेल.

माझं प्रमाणपत्र बी२ चं, म्हणजे चौथ्या पातळीचं आहे. त्यावर ए१ आणि ए२ मी बिनधास्त शिकवते. बी१ कुणी मागितलं तर मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पाठवते. तिथे निबंध तपासायचा म्हणजे चूक दाखवून भागत नाही, ते वाक्य जर्मन माणूस कसं लिहील हे सांगावं लागतं. तिथे मी अजून चाचपडते. आणखी एक गोष्ट प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. माझ्या क्लासच्या कागदावर व्हिसा मिळत नाही, त्यासाठी मान्यताप्राप्त परीक्षा वेगळी द्यावी लागते आणि तिची फी माझ्या फीत धरलेली नाही.

सध्या शनिवारी एक मुलगी येते, नवरा श्टुटगार्टला आहे. नवऱ्याकडे जाण्याच्या व्हिसासाठी तिला गोएथेची ए१ परीक्षा द्यायची आहे, शंभरात साठ हवेत. तोंडी परीक्षेत स्वतःचं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगायला लावतात. तिचं आडनाव जोशी. इंग्रजीतलं ‘जे’ तिथे ‘योट’ होतं आणि ‘एच’चं ‘हा’. घाईत तिच्या तोंडून ‘जे’च निघतं. म्हणून हल्ली वर्गात हजेरीच तशी घेते, प्रत्येकाने आपलं आडनाव सुटं करून सांगायचं.

बाबा, एक काम आहे. फी दोन हप्त्यांत येते, त्यामुळे पावत्यांचा गोंधळ होतो. तुमच्या ओळखीच्या छापखान्यात शंभर पानी, दोन प्रतींचं पावतीपुस्तक केवढ्याला पडेल, विचाराल का? ‘पहिला हप्ता’ आणि ‘दुसरा हप्ता’ असे दोन रकाने हवेत, आणि खाली परताव्याची अट बारीक अक्षरात नको, ठळक छापायला सांगा.

तुमची,
मनू