नुसता ‘रंगांध’ हा शेरा पुरेसा नाही

मा. संपादक,

महोदय,

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नमुना १ आणि नमुना १-अ यांत जून २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि सौम्य ते मध्यम रंगांधत्व असलेल्यांना वाहन परवान्याचा मार्ग मोकळा झाला. मनाई उरली ती तीव्र रंगांधत्वाला. तरीही ठिपक्यांच्या पुस्तकातील आकडा वाचता आला नाही, एवढ्याच कारणाने परत पाठवलेले तरुण आमच्या भागात आजही भेटतात. ते पुस्तक म्हणजे इशिहारा चाचणी. लाल-हिरव्या रंगांच्या जाणिवेत दोष आहे की नाही, हे ती उत्तम सांगते. दोष किती आहे हे सांगण्यासाठी ती मुळात केलेलीच नाही, आणि नियम विचारतो तो नेमका हाच प्रश्न.

केज तालुक्यातील एका तरुणाला मालवाहू पिकअप चालवण्यासाठी नमुना १-अ वर डॉक्टरांचे प्रमाणपत्र हवे होते. पहिल्या ठिकाणी पिवळ्या बल्बखाली, पाने पिवळी पडलेल्या पुस्तकावर तपासणी झाली आणि ‘रंगांध’ असा शेरा बसला. ओळखीतून तो माझ्याकडे आला, तेव्हा एका नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात, पाऊण मीटर अंतरावरून, प्रत्येक पानाला जेमतेम तीन सेकंद देऊन आम्ही तीच चाचणी पुन्हा घेतली. बरेच आकडे तरीही चुकले, म्हणजे दोष होता हे खरेच. मग त्याला डी-१५ चाचणी दिली. यात एका ठरलेल्या चकतीपासून सुरुवात करून पंधरा रंगीत चकत्या जवळच्या छटेला जवळची छटा या क्रमाने लावायच्या असतात. तीव्र दोष असलेला माणूस निळ्याशेजारी जांभळट गुलाबी ठेवतो, आणि तक्त्यावर रेघा जोडल्या की त्या वर्तुळाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पुन्हा पुन्हा आडव्या जातात. या तरुणाने फक्त शेजारच्या दोन चकत्यांची अदलाबदल केली होती. तीव्रतेचा हा निष्कर्ष लिहून दिल्यावर त्याचे काम पुढे सरकले. चाचणीला पाच-दहा मिनिटे लागतात. त्यामुळे इशिहारात अडकलेल्या प्रत्येकाला जिल्हा रुग्णालयात ती देणे अवघड नाही.

याच संदर्भात एक सावधगिरी सांगतो. लाल छटेची भिंगे लावली की पुस्तकातील आकडे एकदम उठून दिसतात, पण त्याने दृष्टी सुधारत नाही, केवळ ठिपक्यांच्या उजळपणातील फरक वाढतो. रात्री गाडी चालवताना अशी भिंगे उलट घातक, कारण आधीच कमी असलेला प्रकाश ती आणखी कमी करतात.

परवाना मिळाल्यानंतरचे व्यवहारही समजून घ्यावे लागतात. उभ्या सिग्नलमध्ये लाल वर, पिवळा मध्ये आणि हिरवा खाली असतो. रंगांध चालक रंगापेक्षा जागाच वाचतो. सिग्नलच्या हिरव्यात मुद्दाम निळसर झाक ठेवलेली असते, त्यामुळे तो अनेकांना पांढुरका दिसतो आणि लाल-पिवळ्यापासून वेगळा काढता येतो. फलकांचे काम आकारावर भागते : अष्टकोन म्हणजे थांबा, उलटा त्रिकोण म्हणजे रस्ता द्या, सुलटा त्रिकोण म्हणजे इशारा. खरी अडचण आहे ती लाल रंगाची जाणीवच कमी असलेल्या प्रकारात, कारण तेथे लाल रंग केवळ चुकत नाही, तो मंद होतो. पुढच्या गाडीचा ब्रेकचा दिवा अशा चालकाला उशिरा जाणवतो, म्हणून त्याने नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवणे आणि पुढच्या गाडीच्या पुढची गाडीही पाहत राहणे, हाच उपाय. गाळप हंगामात लातूर-अंबाजोगाई पट्ट्यात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे लाल रिफ्लेक्टर असलाच, तरी या चालकाला तो अंधारातच राहिल्यासारखा वाटू शकतो. तो लावू नये असे माझे म्हणणे नाही. पण या दृष्टिदोषाच्या माणसाने हंगामात रात्रीचा वेग कमीच ठेवावा, हे मी प्रत्येकाला सांगत आलो आहे.

राहिला ब्लिंकरचा प्रश्न, आणि तो चालकाच्या हातातला नाही. रात्री लुकलुकणारा लाल म्हणजे थांबून, रस्ता मोकळा पाहून जा. लुकलुकणारा पिवळा म्हणजे वेग कमी करून सावधपणे जा. खांबावर एकच दिवा असेल तर जागेवरून काहीच कळत नाही, आणि तीन दिव्यांच्या सिग्नलमध्येही अंधारात चौकट दिसत नसल्याने पेटलेला दिवा वरचा की मधला, हे ओळखता येत नाही. कॅनडातील काही प्रांतांत लाल दिवा चौकोनी आणि पिवळा समभुज चौकोनाच्या आकाराचा असतो. आपल्याकडे इतका बदल लगेच होणार नाही. पण सिग्नलच्या मागच्या काळ्या पाटीच्या कडेला परावर्तक पट्टी लावली, तर गाडीच्या दिव्यांच्या उजेडात चौकट उमटते आणि दिव्याची जागा कळते. छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि लातूर येथील महापालिकांनी सिग्नलच्या पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ही पट्टी लावावी, आणि एकट्या खांबावरच्या लाल ब्लिंकरखाली ‘थांबा’चा अष्टकोनी फलक बसवावा.

आपला,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी,
अंबाजोगाई, जि. बीड