चित्र बदलले, क्रियापद कधी?

महोदय,

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा मला फार बरे वाटले होते. पण वाक्येही तपासायला हवीत. ‘शास्त्रज्ञ’, ‘इंजिनिअर’ हे शब्द मराठीत दोघांनाही चालतात. बाई की पुरुष, ते क्रियापद सांगते. दर उदाहरणात ‘इंजिनिअर पूल बांधतो’ असेच आले, की चित्र नसतानाही मुलांना पुरुषच दिसतो.

मी कळव्यात आठवीच्या मुलींची गणिताची शिकवणी घेते. ‘एक कंत्राटदार २० मजूर लावतो’ या गणितातल्या कंत्राटदाराला नाव द्या, म्हटले. अकराही जणींनी पुरुषाचेच नाव लिहिले. भूमितीत सगळ्यांत पुढे असलेली मुलगी नंतर हळूच म्हणाली, “बाई, सिव्हिलला मुली जातात का?” दोन वर्षांनी ती दहावीनंतरचा अर्ज भरेल.

पुढच्या छपाईआधी निम्म्या उदाहरणांत ‘बांधतो’चे ‘बांधते’ करावे. सरसकट ‘बांधतात’ लिहून भागणार नाही, कारण त्यात बाई दिसतच नाही. तोवर शिक्षकांनी फळ्यावर गणित लिहितानाच हा बदल करावा. मी सुरुवात केली आहे.

– एक शिक्षिका, कळवा (ठाणे)