मा. क्रीडामंत्री, ते दहा मीटर कापू नका

मा. क्रीडामंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी रस्त्यावरच्या शर्यतींचे मार्ग सायकलने मोजतो. मी मोजलेल्या एका दहा किलोमीटर शर्यतीची कागदपत्रं परवानगीसाठी गेली होती. ती तपासणाऱ्या कार्यालयाकडून शेरा मारून परत आली : 'मार्ग १० मीटरने जास्त आहे, दुरुस्त करावा.' हे दहा मीटर चुकून आलेले नाहीत. ते मी ठेवलेले आहेत, आणि का ठेवले ते आपल्यापर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र.

सायकलच्या पुढच्या चाकाच्या आसाला एक छोटा काउंटर बसवतात. अमेरिकेतल्या जोन्स पितापुत्रांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो बनवला, म्हणून त्याला जोन्स काउंटर म्हणतात. चाक फिरतं तसे त्यावरचे आकडे वाढतात. माझ्या सायकलवर एक आकडा म्हणजे सुमारे नऊ सेंटिमीटर. पण 'सुमारे' चालत नाही, म्हणून आधी पोलादी टेपने सरळ रस्त्यावर ३०० मीटरचा पट्टा आखतो आणि त्यावरून चार वेळा सायकल चालवून त्या दिवशीचा नेमका हिशोब काढतो. मार्ग मोजून झाला की पुन्हा त्याच पट्ट्यावर चार फेऱ्या.

या नंतरच्या फेऱ्याच सगळं उघड करतात. ही मोजणी वाहतूक नको म्हणून रात्री केली. संध्याकाळी रस्ता तापलेला होता, तेव्हा ३०० मीटरला सरासरी ३,३७५ आकडे पडले. पहाटे हवा गार झाली, टायरमधला दाब उतरला, चाकाचा घेर किंचित आक्रसला आणि त्याच पट्ट्यावर ३,३७८ पडले. फरक फक्त तीन आकड्यांचा आहे, पण दहा किलोमीटरवर तो जवळजवळ नऊ मीटर होतो.

आता संध्याकाळचा हिशोब तसाच धरून १,१२,५०० आकड्यांवर शेवटची रेषा मारली असती आणि टायर सुरुवातीलाच गार झाला असता, तर मार्ग ९,९९१ मीटरचा भरला असता. धावपटू दहा किलोमीटरचं प्रमाणपत्र घेऊन घरी गेले असते आणि दहा किलोमीटर धावलेलेच नसते. म्हणून नियमच असा आहे की किलोमीटरच्या आकड्यांना १.००१ ने गुणायचं. मी त्यामुळे १,१२,६१२ आकड्यांपर्यंत गेलो, आणि अगदी वाईट धरलं तरी मार्ग १०,००१ मीटरचा राहिला. पहाटेच्या फेऱ्यांनंतर दोन्ही वेळच्या हिशोबांची सरासरी घेऊन रेषा आणखी साडेचार मीटर पुढे नेली. टायर नक्की कुठल्या वळणावर गार झाला, हे कुणालाच सांगता येत नाही. ही हजारात एकाची वाढ त्या न कळणाऱ्या भागासाठी आहे.

शिवाय पट्ट्यावर मी सरळ रेषेत जातो, पण शर्यतीच्या मार्गावर खड्डा चुकवावा लागतो, उभ्या गाडीला वळसा घालावा लागतो. काउंटर तो वळसाही मोजतो. म्हणजे नोंद जास्त होते आणि रेषा अलीकडे पडते. मोजताना मी वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, धावपटूला शक्य तितक्या आखूड वाटेने जातो, त्यामुळे माझ्या अशा बहुतेक चुका मार्ग लहान करण्याकडेच झुकतात. दोन्ही बाजूंना सारखी सूट देऊन हे भरून निघत नाही.

आणि मार्ग लहान भरला तर काय होतं? १९८१ साली न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझारने २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांची वेळ दिली. ती जगातली सर्वोत्तम म्हणून गणली गेली. नंतर मार्ग पुन्हा मोजला तेव्हा तो सुमारे १४८ मीटर कमी निघाला आणि तो विक्रम गेला. धावणाऱ्याचा त्यात काडीचाही दोष नव्हता. विक्रमानंतर जी फेरमोजणी होते, तिच्यात ही १.००१ ची वाढ धरत नाहीत. मार्ग पूर्ण अंतराचा भरलाच पाहिजे. दहा मीटर जादा भरलेल्या मार्गावरचा विक्रम टिकतो, दहा मीटर कमी भरलेल्यावरचा नाही.

त्या शेऱ्याला आधार म्हणून एका धावपटूच्या जीपीएस घड्याळाची नोंद जोडली होती. तीत १०.१४ किलोमीटर दिसतात. पण कुणीही प्रत्येक वळणाची आखूड वाट धरून धावत नाही, आणि उपग्रहाचे डळमळते ठिपके जोडताना घड्याळ अंतर आणखी वाढवतं. माझे सगळे मिळून पंधराएक मीटर आहेत; उरलेले सव्वाशे त्या घड्याळाचे आणि धावपटूच्या वाटेचे.

माझी विनंती एवढीच : परवानगीच्या नमुन्यात अंतरासोबत दोन्ही वेळच्या फेऱ्यांचे आकडे, तापमान आणि वापरलेला गुणक मागवा, आणि १.००१ दिसला की तो शेरा मारू नये असं खात्याला कळवा. या मार्गाचे सगळे आकडे मी पत्रासोबत जोडले आहेत. रेषेच्या खुणेसाठी रस्त्यात ठोकलेला खिळा अजून जागेवर आहे. आपल्या माणसांसमोर मी पुन्हा सायकल चालवायला तयार आहे.

आपला,
एक मार्गमोजणीदार