न घेतलेल्या सुट्टीचे पैसे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भोसरी-चिंचवड भागातल्या चार-पाच लहान कारखान्यांचे पगार मी महिन्याच्या शेवटी बसून काढतो. त्यातल्या एका पॅकिंगच्या युनिटमध्ये झालेला घोळ कळवतो आहे, कारण तासावर पैसे घेणाऱ्या पुष्कळ लोकांच्या पगारात तो असणार आणि त्यांना तो दिसत नसणार.

युनिटची वेळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी पाच. जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक, बिनपगारी. म्हणजे पूर्ण दिवसाचे आठ तास भरतात. पण इथे कामाला येणाऱ्या बायका काही सगळ्या साडेआठला येत नाहीत. कुणी दोन घरची धुणीभांडी उरकून दुपारी येतं, कुणी शाळेच्या वेळेला निघून जातं. मालकाला माल वेळेत भरून हवा असतो, त्यामुळे त्याची ना नसते. मशीनवर अंगठा लावायचा आणि कामाला लागायचं.

तिथल्या एका मावशींनी पगाराच्या दिवशी मला वहीचं पान दाखवलं. रोज किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. एका दिवशी 1:20 ला येऊन 5:20 ला गेल्या होत्या. चार तास काम, पण पगारपत्रकात साडेतीनच. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रोज 30 मिनिटं वजा’ अशी सेटिंग होती. म्हणजे सुट्टी संपल्यावर वीस मिनिटांनी आलेल्या बाईकडूनही जेवणाचा अर्धा तास कापला जात होता. त्या महिन्यात त्या नऊ दिवस एकनंतर आल्या होत्या आणि दोन दिवस 12:45 ला. नऊ दिवसांचे साडेचार तास सरळ बुडाले. उरलेल्या दोन दिवशी सुट्टीतली पंधराच मिनिटं त्या आत होत्या, कापली तीस, म्हणजे दोन्ही मिळून आणखी अर्धा तास गेला. एकूण पाच तास. तासाला 80 रुपयांनी 400 रुपये.

मालकानं मशीनवाल्याला बोलावलं. त्यानं सेटिंग बदलली : पाच तासांपेक्षा जास्त भरले तरच अर्धा तास वजा. दुपारी येणाऱ्या बायकांचा प्रश्न सुटला, पण सकाळच्यांचा उभा राहिला. एकजण सात वाजता गाडी भरायला येते आणि बाराला निघते. पाच तास, पूर्ण पैसे. एक दिवस ट्रक उशिरा लागला म्हणून ती 12:10 पर्यंत थांबली. मशीननं 5 तास 10 मिनिटांतून तीस वजा केली आणि 4 तास 40 मिनिटं दाखवली. दहा मिनिटं जास्त राबली आणि वीस मिनिटांचे पैसे गमावून बसली. बायका हुशार असतात. पुढच्या आठवड्यापासून ट्रक असो-नसो, बाराच्या ठोक्याला अंगठा.

हा पाच तासांचा आकडा मशीनवाल्यानं कुठून आणला तेही सांगतो. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 55 मध्ये असं होतं, की किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिल्याशिवाय कामगाराकडून सलग पाच तासांहून जास्त काम करून घ्यायचं नाही. ते विश्रांती देण्याबद्दल आहे. दिली नसेल तर जाब मालकाला विचारायचा, बाईचे पैसे कापून ती दिल्यासारखी होत नाही.

खरं गणित साधं आहे. सुट्टीची वेळ ठरलेली असेल, तर त्या वेळेतला जेवढा भाग माणूस आत होता तेवढाच कापायचा. येण्याची वेळ आणि सुट्टी सुरू होण्याची वेळ यांतली उशिराची घ्या. जाण्याची वेळ आणि सुट्टी संपण्याची वेळ यांतली आधीची घ्या. दुसरीतून पहिली वजा करा. उत्तर शून्याखाली गेलं तर काहीच कापायचं नाही. एक्सेलमध्ये A2 ला येण्याची आणि B2 ला जाण्याची वेळ 24 तासांच्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे संध्याकाळचे पाच 17:00 असे, भरलेली असेल, तर कापायची मिनिटं अशी निघतात :

```
=MAX(0, MIN(B2,TIME(13,0,0)) - MAX(A2,TIME(12,30,0)))*1440
```

1:20 ला आलेल्या मावशींचं उत्तर शून्य येतं, 12:45 ला आल्या त्या दिवशी 15, आणि 12:10 ला गेलेल्या बाईचंही शून्य. साडेआठला येऊन पाचला जाणाऱ्याचे मात्र पूर्ण 30. (रात्रपाळी मध्यरात्र ओलांडते, तिथे नुसती वेळ चालत नाही, तारखेसकट वेळ लागते.)

एवढ्यानं मी सुटलो असं वाटलं होतं. पण काहीजणी जेवायला घरी जातात आणि जाता-येता अंगठा लावतात. एकीची नोंद 8:30 ते 12:20 आणि पुन्हा 12:50 ते 5:00 अशी होती. तिनं अर्धा तास घेतला, तो नोंदींच्या मधल्या फटीत आपोआप गेलाच. पण माझं सूत्र दुसऱ्या नोंदीला लावलं की 12:50 ते 1:00 ही दहा मिनिटं पुन्हा कापली जातात, आणि जुन्या सेटिंगनं तर आणखी तीस कापली असती. म्हणून जेवणासाठी बाहेर गेल्याची नोंद असेल, तर ती मिनिटं आधी मोजायची आणि दिवसाचं पहिलं येणं व शेवटचं जाणं धरून सूत्रानं काढलेल्या कापायच्या मिनिटांतून वजा करायची. हिची तिसातून तीस गेली, कापायला काही उरलं नाही. वीसच मिनिटांत परत आली असती, तर प्रश्न वेगळा : तिला लगेच कामाला लावलं असेल, तर उरलेली दहा कापता येणार नाहीत.

आणि इथेच सूत्राची हद्द संपते. मशीनला अंगठा कळतो, डबा उघडला की नाही ते कळत नाही. सीलिंग मशीनवरची बाई साडेबारा ते एक पट्ट्याजवळच उभी असते, कारण पट्टा थांबवला की सगळी पाकिटं वाया जातात. ती एका हातानं पोळी खाते आणि दुसऱ्या हातानं पाकिटं सरकवते. त्याला सुट्टी म्हणणं मला तरी जमत नाही. आता तिथे एक साधी वही ठेवली आहे. ‘सुट्टीत काम’ झालं की सुपरवायझर तारीख लिहितो, बाई सही करते आणि त्या दिवसाची कपात मी हातानं काढून टाकतो. मालक आधी कुरकुरला, पण वहीतल्या पानांवर त्याच्याच सुपरवायझरचं अक्षर होतं.

जाता जाता आणखी एक, कारण हे मी तीन ठिकाणी पाहिलं : 4 तास 15 मिनिटं म्हणजे 4.15 तास नव्हेत, 4.25. तासाला 80 नं गुणलं की 340 ऐवजी 332 येतात.

ज्यांना आपला पगार तपासायचा आहे त्यांनी पूर्ण दिवस पाहू नयेत, तिथे सगळ्या पद्धतींचं उत्तर सारखंच येतं. सुट्टी सुरू झाल्यावर आलेले किंवा ती संपण्याआधी गेलेले दिवस काढावेत. त्या प्रत्येक दिवशीही बरोबर अर्धाच तास कमी दिसत असेल, तर सेटिंग सरसकट आहे असं समजावं. हे तपासता यावं म्हणून पगारपत्रकात येण्या-जाण्याच्या वेळांशेजारी ‘जेवणाची वजावट, मिनिटे’ असा रोजचा रकाना छापला पाहिजे. माझ्याकडच्या युनिटांत मी तो गेल्या महिन्यापासून घातला आहे. मावशींचे 400 रुपये ‘मागील फरक’ म्हणून निघाले. त्यांनी ते वहीतल्या पानाशी ताडून पाहिले आणि मगच सही केली.

आपला,
एक हिशेबनीस, चिंचवड