सूचना: खिडकीजवळची कावळ्यांची घरटी

सर्व सभासदांना,

कावळ्यांनी घरट्यासाठी काड्या जमवायला सुरुवात केली आहे. काल तर एका बाल्कनीतून तारेचे दोन हँगर पळवले! येत्या रविवारी सकाळी १० वाजता प्रत्येकाने आपली बाल्कनी, छज्जा आणि एसीमागची जागा तपासावी.

– नुसत्या काड्या असतील तर काढा, आणि पुढे रोज काढत राहा. एकदा काढल्याने कावळा हटत नाही.

– अंडी किंवा पिल्ले दिसली तर हात लावू नका. अंडी घातल्यापासून पिल्ले उडेपर्यंत साधारण सहा आठवडे लागतात. तोवर ती खिडकी बंद ठेवा. कावळे डोक्यावर झेपावत असतील तर छत्री उघडून जा. रिकामे झालेले घरटे मगच काढा.

– जाळी ताणूनच बसवा, सैल जाळीत पक्ष्यांचे पाय अडकतात.

– कचऱ्याचा डबा झाकलेला हवा.

सचिव